रात्रभर फोन चार्जिंगला ठेवला तर काय होतं? आईबाबांसाठी चार्जिंगची सोपी पद्धत

कितीतरी घरात हे चालतं, रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावायचा आणि मग मध्यरात्री "आता फुल झाला असेल, काढायला हवा, नाहीतर बॅटरी फुगेल" म्हणून उठायचं, अंधारात चाचपडत जाऊन पिन काढायची. वयस्कर माणसाने रात्री असं उठणं हाच यातला सगळ्यात मोठा धोका आहे, पडायला एक क्षण पुरतो. म्हणून आईबाबा, आधी हे पक्कं लक्षात घ्या की फुल झालेला फोन काढायला रात्री उठायची गरज नाही.

कारण असं की किती करंट घ्यायचा हे चार्जर ठरवत नाही, फोन ठरवतो. फोनच्या आत त्यासाठी वेगळं सर्किट असतं. हंडा भरत आला की आपण नळ बारीक करतो तसं ते सर्किट शेवटी शेवटी करंट कमी करत नेतं, म्हणूनच 80 पासून 100 पर्यंत जायला इतका वेळ लागतो. 100 झालं की ते बॅटरी भरणं थांबवतं. नंतर चार्ज थोडा उतरला की तेवढाच परत भरतं. त्यामुळे चांगल्या फोनमध्ये रात्रभरात बॅटरी "जास्त भरली" असं होत नाही.

मग ही भीती पूर्ण खोटी आहे का, तर नाही, त्यात थोडं खरं आहे. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी आवडत नाहीत, एक म्हणजे उष्णता आणि दुसरी म्हणजे तासन् तास 100 टक्क्यांवर बसून राहणं. दोन्ही एकत्र आल्या की बॅटरीची साठवायची ताकद हळूहळू कमी होते. पण हे एका रात्रीत होत नाही, महिने आणि वर्षं जातात. त्यातही उष्णता जास्त वाईट, आणि ती आपल्या हातात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

पहिलं काम, फोनची जागा बदला. उशीखाली, गादीवर, पांघरुणात फोन चार्जिंगला ठेवायचा नाही, हे एक पथ्य मात्र कडक पाळा. कापसात आणि कापडात उष्णता अडकते, फोन तापतो, आणि वायर किंवा चार्जर खराब असेल तर आगीचा धोका तिथेच असतो. पलंगापासून हातभर लांब टेबल किंवा कठीण सपाट जागा बघा, खिडकीतलं ऊन पडणार नाही अशी. वायर चालायच्या वाटेत यायला नको, पाय अडकतो. रात्री फोन आला तर ऐकू यावा म्हणून उशाशी हवा असेल तर रिंगचा आवाज वाढवून घ्या, फोन जवळ आणायची गरज नाही. चार्जिंगला असताना फोन कोमट लागणं नॉर्मल आहे, पण हातात धरवत नाही इतका गरम झाला तर पिन काढा, जाड कव्हर काढून ठेवा आणि गार होऊ द्या. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत ओल धरते. चार्जिंगला लावून तासभर व्हिडिओ कॉल चालू असेल तरी फोन तापतो, तेव्हा दोन्ही एकदम नको.

दुसरं, चार्जर आणि वायर बघून घ्या. फोनच्याच कंपनीचा हवा असं काही नाही, दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा चालतो, फास्ट चार्जरही चालतो कारण फोन पेलेल तेवढंच घेतो. नको तो बिननावाचा, हलका, अतिस्वस्त. वायर सोललेली असेल, पिन ढिली बसत असेल, प्लगजवळ काळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर तो चार्जर त्याच दिवशी बाद. चिकटपट्टी गुंडाळून वापरायचा नाही.

तिसरं काम एकदाच करायचं आहे, हवं तर मुलाला किंवा मुलीला करायला सांगा. फोनच्या Settings मध्ये Battery उघडायचं आणि तिथे Optimized Battery Charging, Adaptive Charging, Battery protection असं काही दिसतंय का बघायचं, कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं. ते चालू करून टाका. बऱ्याच फोनमध्ये 80 टक्क्यांवर थांबायचीही सोय असते.

याने काय फरक पडतो ते एका रात्रीच्या हिशोबाने बघू. समजा रात्री 10 ला फोन 35 टक्के आहे आणि तुम्ही सकाळी 6 ला उठता. सेटिंग बंद असेल तर साधारण बारापर्यंत फोन फुल होईल आणि पुढचे सहा तास 100 वर बसून राहील, धोका काही नाही पण बॅटरी जरा लवकर म्हातारी होते. सेटिंग चालू असेल तर फोन 80 च्या आसपास जाऊन थांबतो, रात्र तशीच काढतो आणि तुमच्या उठायच्या आधी उरलेलं भरतो. तुमची वेळ ओळखायला त्याला काही दिवस लागतात, आणि झोपायची-उठायची वेळ रोज वेगळी असेल तर त्याचा अंदाज चुकतो, मग तो सरळ फुल करून ठेवतो, त्याने काही बिघडत नाही. दिवसभर घरीच असाल तर 80 ची मर्यादा लावली तरी पुरेल, बाहेरगावी जायच्या आदल्या रात्री ती काढून 100 करायचं. अशी सेटिंगच नसेल तर संध्याकाळी तुम्ही जागे असतानाच तास-दोन तास लावा आणि झोपायच्या आधी काढा, म्हणजे प्रश्नच मिटला.

आता दिवसाच्या सवयीबद्दल, कारण इथे जुना सल्ला उलटा पडतो. "पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर" हे जुन्या निकेल कॅडमियम बॅटरीसाठी होतं. लिथियम बॅटरी बाजारात 1991 पासून आहे आणि तिला पूर्ण उतरणं मानवत नाही. 20-30 टक्के दिसले की लावा, शून्याची वाट बघू नका, कधी घाईत डॉक्टरांना फोन करायचा असेल आणि फोन बंद पडला तर? मध्ये मध्ये थोडं चार्ज केल्यानेही बॅटरी जास्त झिजत नाही. आज 50 टक्के भरलं आणि उद्या 50 टक्के तर दोन्ही मिळून एकच पूर्ण चार्ज मोजला जातो.

शेवटचं, महिन्यातून एकदा फोन कव्हरमधून काढून टेबलावर पालथा आणि उताणा ठेवून बघा. मागची बाजू फुगलीय का, स्क्रीन कडेने वर आलीय का, फोन टेबलावर डुगडुगतोय का? यातलं काही दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजायचं. असा फोन परत चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा नाही, घरी उघडायचा नाही, बंद करून कठीण जागी पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायचा आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी बदलून घ्यायची. फुगली नसेल पण सकाळी फुल केलेला फोन दुपारीच संपत असेल, किंवा 30 टक्के दाखवत असताना अचानक बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा फक्त बॅटरी थकलेली असते. तेव्हा नवीन फोन घ्यायच्या आधी बॅटरी बदलून मिळते का ते विचारा.