भाड्याच्या घरात रांगोळी काढताय? फरशीची वाट लावणाऱ्या या चुका टाळा

मागच्या भाड्याच्या घरात दिवाळीला मी लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर लावले होते, उंबरठ्यापासून आत देवघरापर्यंत, छान दिसत होते म्हणून तुळशीच्या लग्नानंतरही काढले नाहीत, मग संक्रांत गेली, पाडवा गेला आणि घर सोडायची वेळ आली मे मध्ये. तोपर्यंत त्या पावलांच्या कडेला काळी रेघ आलेली आणि खाली गोंद असा बसलेला की नखाने निघेना. मी आपलं सगळीकडे खोबरेल तेल चोळलं. हॉलमधल्या टाइल्स एकदम स्वच्छ झाल्या, पण उंबरठ्यावरची पांढऱ्या मार्बलची पट्टी जिथे जिथे तेल लागलं तिथे पिवळट-करडी पडली, आणि मालकीणबाई घर ताब्यात घ्यायला आल्या तेव्हा पहिली नजर त्यांची तिथेच गेली. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले ते त्या एवढ्याशा पट्टीचे!

तेव्हा लक्षात आलं की स्टिकर वाईट नव्हता आणि तेलही वाईट नव्हतं, मी फरशी न बघता दोन्ही वापरलं ही खरी चूक. बहुतेक लोक हेच करतात, आधी ऑनलाइन डिझाईन आवडतं, मागवतो, आणि मग ते कुठे लावायचं बघतो.

फरशी कुठली आहे ते न बघणं

सोपी टेस्ट आहे. कोपऱ्यात, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे पाण्याचा एक थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. मग पुसून बघा. खाली काही फरक नसेल तर फरशी पाणी पीत नाही, म्हणजे ग्लेज्ड किंवा व्हिट्रीफाईड टाइल. पण तिथे गडद ठिपका राहिला तर ती पिणारी फरशी आहे, आणि त्यात शहाबाद, कोटा, मोझॅक, बऱ्याचदा मार्बलही येतं. जे पाणी पितं ते तेलही पितं, रंगही पितं आणि गोंदही. आणि एक गोष्ट विसरू नका, टाइल कितीही चकचकीत असली तरी दोन टाइल्समधली ती बारीक पांढरी फट असते ना, ती सिमेंटची असते, ती पिते. लाल रंग एकदा त्या फटीत गेला की दात घासायच्या ब्रशने घासत बसा.

एकाच घरात दोन-तीन प्रकार असतात हे मात्र नक्की बघा. हॉलमध्ये टाइल, उंबरठ्याला मार्बल किंवा ग्रॅनाइट, बाल्कनीत कोटा. आपण रांगोळी घालतो ती नेमकी उंबरठ्यावर आणि दाराबाहेर, म्हणून टेस्ट तिथेच करा, हॉलमध्ये नाही.

स्टिकर लावून विसरणं

स्टिकर फक्त पाणी न पिणाऱ्या टाइलवरच लावा, आणि सणापुरताच. हा गोंद जितका जुना होतो तितका घट्ट बसतो, आणि उन्हात किंवा रोज पाय पडणाऱ्या जागी असेल तर अजूनच. ती कडेची काळी रेघ येते ना, ती पण त्यामुळेच, विनाईल थोडं आकसतं, कडेचा गोंद उघडा पडतो आणि रोजची धूळ त्याला चिकटत राहते, वरून आपण ओलं पोतं फिरवतो म्हणजे तो चिखल पक्का बसतो. माझं म्हणणं, पंधरा दिवस ठीक, महिना म्हणजे जास्तीत जास्त. लावायच्या आधी टोकदार कोपरे कात्रीने गोल करून घ्या, गोल कोपरा लवकर उचलला जात नाही, आणि जागा आधी कोरडी करकरीत पुसा.

काढताना सरळ वर ओढायचं नाही. हेअर ड्रायर मध्यम गरमवर ठेवून अर्धा-पाऊण मिनिट फिरवत राहा, एका जागी धरून ठेवू नका, मग एक कोपरा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने उचला आणि स्टिकर स्वतःवरच दुमडत, फरशीला समांतर, हळू मागे ओढा. हळू म्हणजे खरंच हळू. घाईने ओढलं की वरचा कागद हातात येतो आणि गोंद खालीच राहतो, मग रडायचं. मध्येच अडकलं तर परत गरम करा.

राहिलेल्या गोंदावर मिळेल ते चोळणं

इथेच मी आपटले. टाइलवर गोंद राहिला तर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून दहा मिनिटं ठेवा, कापडाने गोल गोल चोळा, तो गोळा होऊन निघतो, मग भांडी घासायच्या लिक्विडने पुसा म्हणजे चिकटपणा आणि निसरडेपणा दोन्ही जातात. तेल टाइलवर ठेवायचं, फटीवर नाही.

मार्बल, कोटा, शहाबाद, मोझॅक असेल तर तेलाला हात लावू नका. तिथे रुंद सेलोटेप गोंदावर दाबायची आणि झटकन उचलायची, पंधरा-वीस वेळा, कंटाळवाणं आहे पण गोंद टेपला चिकटून येतो. उरलेल्याला कोमट पाणी, लिक्विडचे थेंब आणि प्लॅस्टिक कार्ड. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही मार्बलवर नको, आम्ल लागलं की मार्बलची पॉलिश खाऊन टाकतं आणि तिथे मॅट डाग राहतो, तो डाग नसतोच मुळात, दगडच झिजलेला असतो, म्हणून कितीही पुसा तो जात नाही. कोटा आणि शहाबादलाही तोच नियम. स्टीलची घासणी तर कुठल्याच फरशीला नको.

आणि तेल आधीच सांडलं असेल तर? त्यावर टाल्कम पावडरचा चांगला जाड थर टाका, वर प्लॅस्टिक पिशवी, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून परत नवी पावडर. माझा उंबरठा चार दिवसात बराच उजळला होता, पूर्ण नाही, पण लांबून बघणाऱ्याला कळलं नसतं. मालकीणबाई लांबून बघणाऱ्या नव्हत्या.

छाप्याने थेट फरशीवर रंग घालणं

छापे, म्हणजे जाळीचे किंवा प्लॅस्टिकचे स्टेन्सिल, यांना मी दहापैकी नऊ देईन, स्वस्त आहेत, धुता येतात, वर्षानुवर्षं टिकतात. त्रास छाप्याचा नाही, खालच्या रंगाचा. पांढरी रांगोळी तशी निरुपद्रवी, ती दगडाची पूड आहे. रंगीत रांगोळीत मात्र रंग वरून चढवलेला असतो आणि पाणी लागलं की सुटतो. म्हणून रांगोळी पुसताना पहिल्यांदा ओलं फडकं आणणं ही सगळ्यात महागडी सवय. आधी मऊ झाडूने किंवा कोरड्या ब्रशने पूर्ण उचला, फटीतलं कोरड्या ब्रशने काढा, आणि मगच ओलं. गुलाबी आणि लाल याबाबतीत जास्त खोडकर.

रंग फिका करायला मीठ मिसळायची युक्ती बऱ्याच जणी करतात. गणपतीत, गौरीच्या पावलांना तरी ती करू नका. पावसाळी हवेत मीठ ओल ओढतं, दुपारपर्यंत रांगोळी पाणावते आणि रंग खाली उतरतो. पांढरी रांगोळीच मिसळा.

माझा उपाय असा आहे: सुताराकडून सनमायकाचा काळा उरलेला तुकडा आणला, साधारण दोन फूट बाय दोन फूट. कडा त्याने घासून दिल्या. दारात हा ठेवते, त्यावर छापा ठेवते, चहाच्या गाळणीतून पांढरी रांगोळी वरून चाळते, चिमटीने घातली तर छाप्याखाली घुसते आणि कडा फिसकटतात. छापा कोरडा हवा आणि उचलताना दोन्ही हातांनी सरळ वर, तिरका केला की संपलं. मध्ये रंग. दहा-बारा मिनिटांत होतं. संध्याकाळी पांढरी वेगळी आणि रंग वेगळे चमच्याने उचलते, राहिलेलं कागदावर झटकते. सगळे रंग एकत्र झाले की चिखलाचा रंग येतो, त्याची आशा सोडा. तुकडा पुसून कपाटामागे उभा. फरशीला रंगाचा कणही लागत नाही आणि घर बदललं की तुकडाही सोबत.

एकच त्रास, वारा आणि लहान मुलं.

मॅट धुऊन ओलीच टाकणं

तयार रांगोळी मॅट नवीन आणली की खाली घालायच्या आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने वरून आणि खालून घासून बघा. रुमालावर रंग आला तर ती मॅट कोट्यावर किंवा मार्बलवर घालू नका. रबराच्या पाठीच्या मॅटखाली ओल अडकते, पिणाऱ्या फरशीवर चौकोनी गडद डाग दिसतो. घाबरू नका, नुसती ओल असेल तर मॅट उचलून दोन-चार दिवस हवा लागू द्या, जातो. पण घरमालकाने पीव्हीसी फ्लोअरिंग किंवा विनाईल शीट घातली असेल तर मात्र रबरी पाठीची मॅट मुळीच नको, रबरातलं रसायन त्या शीटमध्ये उतरतं आणि पिवळा डाग पडतो, तो आतून असतो, वरून पुसून निघत नाही. अशा जागी सुती किंवा ज्यूटची मॅट घाला, खाली काहीच चिकट नसलेली, आणि दाराच्या चालण्याच्या वाटेतून बाजूला, नाहीतर पाय घसरेल.

कुंदनची जोडायची रांगोळी घेत असाल तर एमडीएफच्या तुकड्यांना पाणी लागू देऊ नका, फुगतात. ॲक्रिलिकचे घ्या.

पणती थेट ठेवणं

हे रांगोळीचं नाही पण रांगोळीत पणती येतेच. मातीची पणती तेल झिरपवते, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवली तरी थोडं झिरपतंच. मॅटवर ठेवली तर मॅट तेलकट, स्टिकरवर ठेवली तर विनाईल गरमीने मऊ होऊन वळतं, दगडावर ठेवली तर वर सांगितलेला माझा उंबरठा. प्रत्येक पणतीखाली एक स्टीलची छोटी ताटली. माझ्याकडे आता सहा आहेत, वाट्यांच्या डब्यातच राहतात, दिवाळीला बाहेर येतात. नवीन घरातला उंबरठा ग्रॅनाइटचा आहे, तरीसुद्धा.