टाइमशीटचं कोष्टक: हिशेब मिनिटांत ठेवा, ओटी एकदाच मोजा

कारखान्याच्या टाइम ऑफिसात किंवा पगार विभागात नव्याने रुजू होणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात हजेरीची फाइल येते. आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ आणि पुढे रिकामे रकाने. वजाबाकीच तर करायची आहे, असं वाटतं. पण हे कोष्टक चुकतं ते बहुतेक दोन ठिकाणी: एक्सेल वेळ कशी साठवतं तिथे, आणि दिवसाचा ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, आणि आठवड्याचा ओटी एकत्र येतात तिथे.

आधी वेळेचं पाहू. एक्सेलच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे १. दुपारचे बारा म्हणजे ०.५ आणि एक तास म्हणजे एकाचा चोविसावा भाग. पडद्यावर `8:30` दिसत असलं तरी सेलमध्ये ०.३५४१६… असा अपूर्णांक असतो. असे अपूर्णांक वजा करत गेलं की शेपटाला बारीक चूक राहते, आणि बरोब्बर नऊ तास भरलेल्या माणसाला कधी शून्य ओटी मिळतो तर कधी नऊपेक्षा केसभर जास्त तास निघतात. तास दशांशात काढून दोन स्थळांवर आणले तरी ८ तास २० मिनिटांचे ८.३३ होतात आणि महिनाभरात मिनिटं गळत जातात. म्हणून आतला सगळा हिशेब पूर्ण मिनिटांत ठेवावा. तास फक्त शेवटी, दाखवताना आणि पगार काढताना करावेत.

रकाने असे लावा: A मध्ये तारीख, B मध्ये वार, C मध्ये आत, D मध्ये बाहेर, E मध्ये जेवणाच्या सुट्टीची मिनिटं, F मध्ये कामाची मिनिटं, G मध्ये दिवसाचा ओटी, H मध्ये साधी मिनिटं. ओळ २ ते ८ म्हणजे रविवार ते शनिवार. K1 मध्ये दिवसाची मर्यादा, K2 मध्ये आठवड्याची मर्यादा आणि K3 मध्ये ओटीचा ताशी दर. मर्यादेचे आकडे सूत्रात कधीच कोंबू नका. कारण पुढे येईलच.

```
F2: =IF(COUNTA(C2:D2)=0,0,IF(COUNT(C2:D2)<2,"तपासा",ROUND(MOD(D2-C2,1)*1440,0)-E2))
G2: =MAX(0,F2-$K$1*60)
H2: =F2-G2
```

F2 आधी पाहतं की दोन्ही वेळा रिकाम्या आहेत का. असतील तर खाडा, म्हणून शून्य. एकच वेळ असेल, किंवा वेळेच्या जागी मजकूर असेल, तर `तपासा` उमटतं. मग G आणि H मध्ये `#VALUE!` येतं आणि आठवड्याची ओटीची बेरीजही अडते. ती अडू द्या, `IFERROR` लावून झाकू नका. अर्धवट पंचचा दिवस गुपचूप शून्य होऊन पगारपत्रकात जाण्यापेक्षा बेरीज अडलेली केव्हाही बरी.

`MOD` रात्रपाळीसाठी आहे. २२:०० ला आत आणि ०६:३० ला बाहेर असेल तर साधी वजाबाकी ऋण येते. `MOD(…,1)` तिच्यात एक दिवस मिळवतं आणि साडेआठ तास नीट निघतात. रात्रपाळीचे मध्यरात्रीनंतरचे तास त्याच ओळीत, म्हणजे पाळी सुरू झाली त्या दिवसात धरायचे. १९४८ च्या जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ मध्येही हे तास आधल्या दिवसात मोजायला सांगितलं होतं, त्यामुळे एक पाळी दोन ओळींत तोडायची गरज नाही.

आता ओटी. याच अधिनियमाच्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ तासांपेक्षा किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं तर जादा कामाला दुप्पट दर होता. त्यातल्या ‘किंवा’पाशीच नवखे अडखळतात. दिवसाचा ओटी काढतात, आठवड्याच्या एकूण तासांतून ४८ वजा करून आणखी एक ओटी काढतात आणि दोन्हींची बेरीज करतात. मंगळवारी नवाच्या वर गेलेली मिनिटं अशी दोनदा मोजली जातात. उपाय सोपा आहे. आठवड्याची मर्यादा एकूण मिनिटांना लावायची नाही, दिवसाचा ओटी बाजूला काढून उरलेल्या साध्या मिनिटांना लावायची.

```
F9:  =SUM(F2:F8)
G9:  =SUM(G2:G8)
H9:  =SUM(H2:H8)
G10: =MAX(0,H9-$K$2*60)
G11: =G9+G10
```

एक आठवडा पुरता करून पाहू. K1 मध्ये ९, K2 मध्ये ४८, रविवार सुट्टी आणि कामाच्या प्रत्येक दिवशी जेवणाची ३० मिनिटं.

| वार | आत | बाहेर | काम | दिवसाचा ओटी | साधी |
|---|---|---|---|---|---|
| सोम | ०८:३० | १७:०० | ४८० | ० | ४८० |
| मंगळ | ०८:३० | १८:५० | ५९० | ५० | ५४० |
| बुध | ०८:३० | १७:०० | ४८० | ० | ४८० |
| गुरू | ०८:३० | १८:३० | ५७० | ३० | ५४० |
| शुक्र | २२:०० | ०६:३० | ४८० | ० | ४८० |
| शनि | २२:०० | ०७:१५ | ५२५ | ० | ५२५ |

एकूण काम ३१२५ मिनिटं, दिवसाचा ओटी ८०, साधी मिनिटं ३०४५. आठवड्याची मर्यादा २८८० मिनिटांची, म्हणून आणखी १६५ मिनिटं ओटी. एकूण ओटी २४५ मिनिटं, म्हणजे ४ तास ५ मिनिटं. दोनदा मोजणाऱ्याचे इथे ८० अधिक २४५ असे ३२५ आले असते, ५ तास २५ मिनिटं.

आता बुधवारचा खाडा धरा. एकूण काम २६४५ मिनिटांवर येतं, म्हणजे ४८ तास भरतच नाहीत. तरी मंगळवार आणि गुरुवारची मिळून ८० मिनिटं ओटी राहतेच, कारण ती दिवसाच्या मर्यादेवरून मिळाली आहे. फक्त आठवड्याची बेरीज पाहणाऱ्या कोष्टकात ही ८० मिनिटं कामगाराच्या पदरातून जातात. अशी तक्रार आली की आधी त्या आठवड्यात खाडा होता का ते बघा.

पडताळणीसाठी एक ओळ जरूर ठेवा. वरची पद्धत बरोबर असेल तर एकूण ओटी हा दिवसाच्या ओटीची बेरीज आणि ४८ तासांच्या वरची मिनिटं, या दोहोंतला मोठा आकडाच असतो:

```
G12: =MAX(G9,F9-$K$2*60)=G11
```

इथे `TRUE` सोडून दुसरं काही दिसलं तर कुणीतरी मधलं सूत्र पुसून आकडा टाइप केला आहे, किंवा एखादा दिवस `तपासा`वर अडला आहे.

मर्यादा K मध्ये का, तेही आता सांगता येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा अधिनियम मागे पडला. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत दिवसाचं काम ८ तासांचं धरलं आहे. आपल्या आस्थापनेत ओटी कोणत्या आकड्यापासून मोजायचा, हे वरिष्ठांकडून लेखी घ्या आणि K1 मध्ये तेवढाच आकडा बदला. वरच्या आठवड्यात K1 मध्ये ८ टाकलं तरी एकूण ओटी २४५ च येतो, कारण सहाही दिवस किमान आठ तास भरले आहेत. बुधवारचा खाडा असेल तर मात्र ८० च्या जागी २४५ मिनिटं होतात. बदलाचा परिणाम तपासताना म्हणून खाड्याचा आठवडाच घ्यावा.

वेळा भरताना होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत महाग पडते ती `17:00` च्या जागी `5:00` टाइप करण्याची. साध्या वजाबाकीत ऋण उत्तर येऊन ही चूक लगेच दिसली असती. `MOD` मात्र तिला रात्रपाळी समजतं: ०८:३० ते दुसऱ्या पहाटेचे पाच, सुट्टी वजा करून २० तास, त्यातले ११ तास ओटी. म्हणून F रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावा आणि ७२० मिनिटांच्या वरचा किंवा शून्याखालचा आकडा लाल होऊ द्या. बाहेरचा पंच राहिला आणि मशीनने दुसऱ्या सकाळचा आतला पंच त्याच्या जागी बसवला, तर तोही बहुतेकदा याच लाल रंगात सापडतो.

दुसरी चूक आपल्या लिहिण्याच्या सवयीतून येते. आपण साडेआठ `8.30` असे लिहितो. एक्सेलला ती वेळ वाटत नाही, आठ पूर्णांक तीन दशांश वाटतात. संख्या असल्यामुळे `COUNT` तिला अडवत नाही, आणि `8.30` ते `17.00` चे ९७८ मिनिटं काम निघतं. C आणि D रकान्यांना डेटा व्हॅलिडेशनमध्ये `0:00` ते `23:59` एवढीच वेळ चालेल अशी अट घाला. अट फक्त टाइप केलेल्या आकड्याला लागते. मशीनमधून आणून चिकटवलेला डेटा तिला जुमानत नाही. तिथल्या वेळा बऱ्याचदा मजकूर म्हणून येतात आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात. बाजूच्या रकान्यात `=VALUE(TRIM(C2))` लावून त्या वेळेत आणा. मूळ पंचचे रकाने तसेच ठेवा. उशीर माफीचा किंवा पंधरा मिनिटांत वेळ धरण्याचा कंपनीचा नियम असेल तर तोही वेगळ्या रकान्यात लावा, नाहीतर वाद झाल्यावर दाखवायला मूळ नोंदच उरत नाही. आणि भरपगारी रजेच्या दिवशी खोटं ०८:३० ते १७:०० भरू नका. न केलेलं काम ४८ तासांत मोजलं जाईल.

तास दाखवण्यासाठी `=G11/1440` लिहा आणि सेलला `[h]:mm` हे फॉरमॅट द्या. चौकटी कंस विसरला की चोवीस तास भरले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. वरच्या आठवड्याचं एकूण काम ५२:०५ आहे. ते साध्या `h:mm` मध्ये ४:०५ दिसेल, आणि ओटीही नेमका ४:०५ आहे! ४८ तास म्हणजे बरोबर दोन दिवस, म्हणून हा मेळ बसतो आणि चूक बरोबर वाटते. पुढच्या आठवड्यात ४६ तास भरले की तोच सेल २२:०० दाखवतो.

पैसे काढताना दाखवायच्या सेलला हात लावू नका. मिनिटांवरूनच काढा:

```
=G11/60*$K$3
```

साधा दर ताशी ७५ रुपये असेल तर K3 मध्ये दुप्पट, म्हणजे १५०. २४५ मिनिटांचे ६१२.५० रुपये होतात. ४ तास ५ मिनिटं म्हणून कुणी ४.०५ ला गुणलं तर ६०७.५० येतात, आणि `[h]:mm` मधल्या सेललाच गुणलं तर फक्त २५.५२.

राहिला आठवडा कुठे तोडायचा हा प्रश्न. कारखाने अधिनियमात आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू व्हायचा, म्हणून कोष्टक रविवारपासून लावलं. पगार मात्र महिन्याचा असतो. २९ मार्च २०२६ चा आठवडा ४ एप्रिलला संपतो. महिन्याची शीट ३१ मार्चला बंद करून एप्रिलची कोरी सुरू केली की हा आठवडा तीन आणि चार दिवसांत तुटतो, आणि दोन्ही तुकड्यांत ४८ तास भरतच नाहीत. सगळ्या तारखा एकाच लांब शीटमध्ये ठेवा आणि I रकान्यात त्या आठवड्याचा रविवार काढा:

```
I2: =A2-WEEKDAY(A2)+1
```

मग आठवड्याची साधी मिनिटं `SUMIFS` ने I वरून जमवा, आणि आठवड्याचा ओटी तो आठवडा ज्या महिन्यात संपतो त्या महिन्याच्या पगारात धरा. हा नियम पगार विभागाशी आधी ठरवून शीटच्या वरच लिहून ठेवा.