सिक्युरिटी कोड जुळला, पण कोणाशी? या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या माहितीच्या पानावरचं Encryption उघडलं की पाच-पाचच्या बारा गटांत 60 आकडे दिसतात, तोच सिक्युरिटी कोड. समजा, भाच्याने आत्याला या आकड्यांचा स्क्रीनशॉट चॅटवरच पाठवला. ‘हो रे, जुळतात’ असं उत्तर आलं आणि तो निर्धास्त झाला. इथेच चुकलं.

का, ते कळायला चाव्यांकडे बघावं लागेल. निरोप कुलूपबंद करायला आणि उघडायला प्रत्येक फोन चाव्यांची जोडी बनवतो. खासगी चावी फोनमध्येच राहते, सार्वजनिक चावी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. भाच्याचा फोन आत्याची चावी सर्व्हरकडे मागतो आणि मिळेल ती खरी मानतो. सर्व्हर ताब्यात असलेल्याने तिच्याऐवजी स्वतःची चावी पुढे केली, तर तो मधल्यामधे निरोप उघडून वाचेल, पुन्हा कुलूपबंद करून आत्याकडे धाडेल. दोघांनाही संशय येणार नाही.

हा मधला माणूस पकडण्यासाठी तो कोड असतो. त्यातले 30 आकडे तुमची सार्वजनिक चावी आणि फोन नंबर यांवरून निघतात, 30 समोरच्याच्या. (तुमचे 30 तुमच्या इतर चॅटमध्येही तेच सापडतील, फक्त कधी आधी, कधी नंतर. बघा एकदा ताडून.) मध्ये कुणी असेल, तर भाच्याच्या फोनवर आत्याचे म्हणून दिसणारे 30 भलतेच असतील. पण जो चॅट वाचतोय, तो स्क्रीनशॉटही बदलू शकतो आणि ‘जुळतात’ असंही लिहू शकतो. म्हणून भेटून QR स्कॅन करा. ते जमत नसेल तर साधा फोन लावून आकडे मोठ्याने वाचा, म्हणजे आवाजाचीही ओळख पटते.

दुसरी चूक जास्त घातक. आत्याने कुणाला तरी OTP सांगितला आणि त्या भामट्याने तिचं खातं स्वतःच्या फोनवर चालू केलं. नवी चावी तयार झाली, कोड बदलला. आता भाच्याने चॅटवर कितीही ताडून पाहिलं तरी कोड खरोखरच जुळेल, कारण दुसऱ्या टोकाला भामटाच आहे. कोड चाव्या तपासतो. चावी कुणाच्या हातात आहे, ते त्याला कळत नाही.

कोड बदलल्याची ओळ चॅटमध्ये दिसावी म्हणून Account मधलं Security notifications आपणहून चालू करावं लागतं. ती ओळ दिसली की लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा नवा फोन, पुन्हा टाकलेलं अ‍ॅप किंवा नव्याने जोडलेला लॅपटॉप एवढंच कारण असतं. तरी ‘आत्या, फोन बदललास का?’ हे चॅटवर विचारू नका, फोन करून विचारा. पैशांची मागणी आली असेल तर आधी फोन, मग बाकीचं.

आणि कोड जुळला तरी आत्याचा लॉक नसलेला फोन कुणीही उचलून वाचू शकतो. क्लाउडवरच्या बॅकअपलाही हे कुलूप आपोआप लागत नाही, ते सेटिंग वेगळं चालू करावं लागतं.