व्हेक्टरस्कोपवरील त्वचारेषा कशी वाचावी: द्राक्षबागेतील एका मुलाखतीवरून

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची मुलाखत आम्ही त्यांच्याच मांडवाखाली चित्रित केली होती. नाशिकला परतल्यावर ग्रेडिंग करताना, म्हणजे चित्रणाचे रंग सुधारताना, पहिला अर्धा तास चेहरा ठीक वाटत होता, पण चहा घेऊन पुन्हा पडद्यासमोर बसलो तेव्हा काका आजारी दिसू लागले. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशाची हिरवी झाक चेहऱ्यावर होती आणि डोळे तिला सरावले होते. चित्रातील रंग मोजून दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपला अशी सवय लागत नाही, म्हणून चेहऱ्याचा रंग पारखताना त्याची त्वचारेषा, म्हणजे त्वचेचे रंग जिच्या आसपास पडतात ती खूणरेषा, उपयोगी पडते. ती कशी वाचावी, हे याच मुलाखतीच्या आधारे पाहू.

प्रथम यंत्र काय दाखवते ते समजून घ्यावे. व्हेक्टरस्कोपच्या वर्तुळात प्रत्येक पिक्सेल एक ठिपका होऊन उमटतो. ठिपका कोणत्या दिशेला आहे यावरून रंगछटा कळते आणि केंद्रापासून किती लांब आहे यावरून रंग किती भरलेला आहे, म्हणजे त्याचे सॅच्युरेशन, कळते. पांढरा, करडा आणि काळा हे तिन्ही केंद्रातच बसतात. लाल रंगाचा चौकोन वर किंचित डावीकडे असतो आणि पिवळ्याचा अगदी डावीकडे. या दोहोंच्या मध्ये, पण लालच्या अधिक जवळ, घड्याळात अकरा वाजता तासकाटा जिथे असतो साधारण त्या दिशेला त्वचारेषा जाते. उजव्या आडव्या अक्षापासून मोजल्यास हा कोन सुमारे 123 अंश भरतो. डाव्हिंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती दिसत नसेल, तर स्कोपच्या सेटिंगमध्ये `Show Skin Tone Indicator` हा पर्याय चालू करावा.

गोऱ्या आणि सावळ्या माणसासाठी रेषा एकच कशी, असा प्रश्न येथे पडतो. त्वचेचा रंग मुख्यत्वे मेलॅनिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांच्यामुळे ठरतो. व्यक्तीगणिक उजळपणा बराच बदलतो, रंगछटा मात्र त्या मानाने थोडीच हलते. आकड्यांत पाहायचे तर लाल 200, हिरवा 150, निळा 125 असा उजळ त्वचेचा एक पिक्सेल आणि 150, 100, 75 असा सावळ्या त्वचेचा दुसरा घ्यावा. प्रत्येक रंगात 50 चा फरक आहे, तरी दोन्ही ठिपके व्हेक्टरस्कोपवर नेमके एकाच जागी पडतात, कारण हे यंत्र उजेड मोजतच नाही. लग्नाच्या चित्रफितींत ‘थोडं गोरं करा’ ही मागणी आमच्याकडे नेहमीच येते. ती पूर्ण करताना रेषेचा हवाला देऊ नये, रेषेला त्यातले काही कळत नाही. उजेड मोजणाऱ्या वेव्हफॉर्म या स्कोपवर तो पाहावा आणि आधी ठरवावा. चित्रण लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिक्या, सपाट स्वरूपात, असेल तर त्याचे रेक. 709 या नेहमीच्या व्हिडिओ मानकात रूपांतर करूनच पुढे जावे, नाहीतर सगळ्या ठिपक्यांचा ट्रेस केंद्राजवळ आखडलेला दिसतो आणि त्यावरून काही ठरवता येत नाही.

आता चेहरा वेगळा काढावा. पूर्ण चौकट स्कोपवर ठेवली, तर बागेतील लाल माती आणि लाकडी खांबही त्वचेच्या आसपासच उमटतात आणि आपण मातीलाच चेहरा समजतो. म्हणून कपाळ, गाल आणि हनुवटी एवढाच भाग निवडणारा मास्क लावावा. डोळे, ओठ आणि मिशा शक्यतो वगळाव्यात. रिझॉल्व्हमध्ये `Shift+H` दाबून `Highlight` चालू केले की मास्कबाहेरचा भाग करडा होऊन केंद्रात जातो आणि चेहऱ्याचा पुंजका एकटा उरतो. तो लहान वाटल्यास `Show 2x Zoom` वापरावे.

काकांच्या चेहऱ्याचा पुंजका रेषेवरून सरकून पिवळ्याच्या बाजूला गेला होता आणि केंद्राकडे थोडा आक्रसलाही होता. हिरव्याची दिशा वर्तुळात खाली डावीकडे असल्यामुळे त्वचेत हिरवा मिसळला की ती पिवळट आणि फिकी होते, हिरवी दिसत नाही. म्हणूनच नवखा माणूस येथे पिवळेपणा काढायला निळा वाढवतो आणि चेहरा आणखी निस्तेज करून बसतो.

कारण शोधण्यासाठी मी मास्क उचलून काकांच्या पांढऱ्या टोपीवर ठेवला. टोपी केंद्रात असती आणि चेहराच हललेला असता, तर दोष चेहऱ्यापुरता आहे असे मानता आले असते. पण टोपीचा ठिपकाही खाली डावीकडे सरकला होता, म्हणजे झाक संपूर्ण दृश्यावर होती आणि उपाय संपूर्ण चौकटीवरच हवा होता. हिरवा-मॅजेंटा तोल बदलणारा टिंट हळूहळू मॅजेंटाकडे नेत टोपीचा ठिपका केंद्राजवळ आणला. येथे एक खाचखळगा आहे: आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, त्यामुळे टोपी मुळातच किंचित निळसर असते आणि तिला बरोबर केंद्रात बसवले तर चेहरा पुन्हा पिवळ्याकडे ढकलला जातो. म्हणून तिचा ठिपका केंद्राच्या उजवीकडे, निळ्या बाजूला, केसभर राहू दिला.

एवढ्याने कपाळ आणि गाल रेषेवर आले. जबड्याखालून मात्र पिवळ्याकडे वळणारे एक शेपूट पुंजक्याला उरले, कारण खालच्या पानांचा परावर्तित उजेड थेट तिथे पडत होता. त्यासाठी वेगळ्या नोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या वेगळ्या टप्प्यात, जबडा आणि गळा यांवर कडा मऊ केलेला मास्क लावून थोडासा मॅजेंटा दिला. तेथे हाच बदल पूर्ण चौकटीवर केला असता, तर टोपी गुलाबी झाली असती.

थांबायचे कुठे, हेही पाहावे. पुंजक्याचा मध्य रेषेच्या दोन्ही बाजूंस पाच-सहा अंशांत असेल, तर मी पुढे हात लावत नाही. खऱ्या चेहऱ्यात गाल लालसर आणि कपाळ पिवळसर असते, त्यामुळे पुंजक्याला रुंदी असणारच. ती दाबून सारे ठिपके रेषेवर ओवले की चेहरा मेणाचा दिसतो. लांबी पाहायची तर केंद्रापासून 75 टक्क्यांच्या लाल चौकोनापर्यंतच्या अंतराच्या सुमारे एक तृतीयांशावर चेहरा सहज वाटतो, आणि निम्म्यापलीकडे गेल्यास तो बहुधा भाजल्यासारखा दिसतो.

काही ठिकाणी रेषेकडे दुर्लक्षच करावे लागते. गंगापूर धरणावर सूर्यास्ताच्या उजेडात उभा असलेला माणूस नारिंगी दिसणारच, त्याला रेषेवर ओढले की संध्याकाळ नाहीशी होते. हळदीच्या कार्यक्रमात गाल पिवळे असतात आणि तेच खरे असते. तेथे मास्क हळद न लागलेल्या जागी, म्हणजे कानाच्या मागे किंवा मनगटावर, ठेवून पाहावे.

मुलाखतीचा दुसरा भाग घराच्या ओट्यावर, सावलीत चित्रित झाला होता. तोही रेषेवर आणला, तरी बागेतून ओट्यावर येणारा कट डोळ्यांना खटकत होता. दोन्ही चौकटींतील चेहऱ्यांचे पुंजके एकापाठोपाठ पाहिल्यावर कळले की दिशा एकच होती, पण ओट्यावरचा पुंजका जवळजवळ निम्म्या अंतरावर पोहोचला होता. तेथील सॅच्युरेशन उतरवून दोन्ही लांब्या सारख्या केल्या, आणि कट बसला.