घरोघरी सर्वेक्षणासाठी ग्रामपंचायतीला पत्र: विषयाच्या ओळीतच सगळं सांगा

पत्र 'मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी' यांच्या नावे लिहा, शहरात असाल तर वॉर्ड ऑफिसच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे. 'सर्वेक्षणास परवानगी मिळणेबाबत' एवढाच विषय लिहिला की कागद टेबलावर पडून राहतो, कारण कोण, कुठे, किती दिवस हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'विषय: वॉर्ड क्र. २ मधील ६० कुटुंबांचे पाणीवापराबाबत सर्वेक्षण दि. १० ते १४ या कालावधीत करण्यास परवानगी मिळणेबाबत.' तारखेपुढे महिना आणि वर्ष घाला.

मजकुरात एक वाक्य हमखास हवं: 'आधार क्रमांक, बँक खाते किंवा ओटीपी विचारला जाणार नाही, माहिती देणे ऐच्छिक आहे.' दारात आलेल्या अनोळखी माणसाबद्दल लोक पहिला फोन सरपंचांनाच करतात, तेव्हा त्यांना द्यायला हेच उत्तर लागतं.

सोबत संस्थेचं किंवा कॉलेजचं शिफारसपत्र, कोरी प्रश्नावली आणि फिरणाऱ्यांची नावं व मोबाइल नंबर जोडा. प्रश्नावली नसेल तर 'आधी दाखवा' म्हणून एक फेरी हमखास वाया जाते.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही फक्त पोच, परवानगी नव्हे! लेखी परवानगी मिळाली की तिची झेरॉक्स सर्वेक्षणाला फिरणाऱ्या प्रत्येक जोडीकडे द्या. एकच प्रत असली की ती नेमकी दुसऱ्या गल्लीतल्या जोडीकडे असते.