मिनी प्रोजेक्टला सिग्नल घेताय? पिवळा दिवा आधी बघा

सेकंड इयरला मिनी प्रोजेक्टला ट्रॅफिक सिग्नल घेतला तेव्हा मी जोशात म्हटलं सात रस्त्याचाच करू, आपल्या सोलापूरचा. पार्टनर म्हणाला, "काय बे, आधी दोन रस्ते तरी नीट सोड की." बरोबर होतं त्याचं.

दोन रस्त्यांचा चौक म्हणजे सहा स्टेट. अ हिरवा, अ पिवळा, दोन्ही लाल, मग तेच परत ब साठी. हिरव्याला 25 सेकंद, पिवळ्याला 3, दोन्ही लालला 1. कुठल्या स्टेटला कुठले दिवे ते फिक्स, पुढं जायचं की थांबायचं एवढंच टायमर सांगतो. डायग्राम चहा पिता पिता झाला.

बोर्डवर टाकलं तर हिरव्यावरून थेट लाल, पिवळा पेटतच नाही! दोन दिवस एलईडी आणि वायरी बदलत बसलो, उगाच. घोळ टायमरच्या रीसेटमध्ये होता. स्टेट बदलली की रीसेटचा सिग्नल आम्ही फ्लिपफ्लॉपमधून काढत होतो, म्हणजे तो एक क्लॉक उशिरा पोचायचा. पिवळ्या स्टेटमध्ये शिरलो तेव्हा काउंटरवर अजून जुना 25 च, आणि पिवळ्याची अट `count >= 3`, ती लगेच खरी, झालं, पुढच्याच क्लॉकला पिवळा संपला. 50 मेगाहर्ट्झवर एक क्लॉक म्हणजे 20 नॅनोसेकंद, डोळ्याला काय दिसणार कप्पाळ!

मग मी शहाणपणा करून `>=` चं `==` केलं, कारण 25 काय 3 नाही. पिवळा पेटला, आम्ही खूश. व्हायवाला सर म्हणाले दोन्ही लाल पण 3 सेकंद करून दाखवा. केलं, तर आता पिवळा नीट पण दोन्ही लाल गायब, अ चा पिवळा विझला की थेट ब हिरवा! पिवळ्यातून निघताना काउंटर 3 वर, लालची अटही 3, परत तीच भानगड. म्हणजे चूक गेली नव्हती, नुसती लपली होती.

खरं औषध म्हणजे स्टेट ज्या क्लॉकला बदलते त्याच क्लॉकला काउंटर शून्य झाला पाहिजे:

```verilog
if (next != state) count <= 0;
else if (tick)     count <= count + 1;
```

`tick` म्हणजे सेकंदाला एकदा, एकाच क्लॉकपुरती येणारी पल्स. सिम्युलेशनमध्ये खरा सेकंद धरला तर बसा रात्रभर, म्हणून तिथं दर 10 क्लॉकला टिक द्या. मग पिवळा बरोबर 30 क्लॉक रुंद दिसला पाहिजे. वेव्हफॉर्म झूम करून मोजा हां, लांबून बघितलं तर एका क्लॉकचा पिवळा नुसती उभी रेघ दिसते आणि आम्ही ती रेघ बघूनच "आहे की पिवळा" म्हणून पुढं गेलो होतो.