सातव्या वेतन आयोगाची पेन्शन थकबाकी घरीच कशी तपासावी

थकबाकीची रक्कम खात्यात दिसते, पण ती बरोबर आहे की नाही हे पासबुकातून कळत नाही. हिशोब स्वतः मांडावा लागतो. इथे १ जानेवारी २०१६ पूर्वी निवृत्त झालेल्या राज्य शासकीय कर्मचाऱ्याचा हिशोब धरला आहे. त्यांची थकबाकी जानेवारी २०१६ ते डिसेंबर २०१८ अशी ३६ महिन्यांची असून ती पाच हप्त्यांत द्यायची ठरली होती.

आधी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हाताशी घ्या. त्यातले तीन आकडे लागतात: मूळ पेन्शन, विकलेला म्हणजे अंशराशीकरण केलेला भाग आणि त्याची तारीख. पासबुकात सगळी रक्कम एकत्र जमा झालेली दिसते, म्हणून महाकोषच्या संकेतस्थळावरच्या निवृत्तिवेतनवाहिनीतून पेन्शन स्लिपही घ्या.

समजा, मूळ पेन्शन १०,००० रुपये आणि विकलेला भाग ४,००० रुपये. सुधारित मूळ पेन्शन १०,००० गुणिले २.५७ म्हणजे २५,७०० होते. त्यातून विकलेले ४,०००च वजा होतात आणि २१,७०० उरतात. महागाई वाढ मात्र पूर्ण २५,७०० वर धरायची.

आता फरक. जानेवारी ते जून २०१६ मध्ये जुन्या म्हणजे सहाव्या वेतन आयोगाच्या दराने ६,००० अधिक १०,००० वर १२५ टक्के, म्हणजे १८,५०० मिळत होते. नव्या दराची महागाई वाढ तेव्हा शून्य, म्हणून देय २१,७००. दरमहा फरक ३,२००. जुलैपासून जुना दर १३२ टक्के, नवा २ टक्के. जुने १९,२००, नवे २२,२१४, फरक ३,०१४. फरक घटला म्हणून दचकू नका, जुन्या महागाई वाढीची रक्कम जास्त वाढली एवढेच. असाच प्रत्येक सहामाहीचा फरक काढून सहाने गुणा, सहाही बेरजा एकत्र करा. त्याचा पाचवा भाग म्हणजे एक हप्ता.

चूक बहुधा दोन जागी सापडते. विकलेल्या भागालाही २.५७ ने गुणले, तर ४,००० ऐवजी १०,२८० वजा होतात आणि पेन्शन दरमहा ६,२८० ने कमी पडते. दुसरी, महागाई वाढ २५,७०० ऐवजी २१,७०० वर लावणे. ही रक्कम सुरुवातीला शंभराच्या आत असते, म्हणून नजरेतून सुटते. अंशराशीकरणाला १५ वर्षे होऊनही ४,००० कापले जात असतील, तर ती वेगळी मागणी करा. तिचा थकबाकीशी संबंध नाही.

तफावत दिसली तर सहामाहीवार तक्ता, पीपीओची प्रत आणि पासबुकाची पाने जोडून लेखी अर्ज द्या व पोच घ्या. बँकेच्या शाखेत हेलपाटे घालून उपयोग नाही, रक्कम कोषागार ठरवते. नेरूळ, वाशी, ठाण्यातल्यांचे कोषागार सहसा ठाण्याचे. पण खारघर-कामोठे रायगड जिल्ह्यात येतात आणि मुंबईतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन अनेकदा तिथल्या अधिदान व लेखा कार्यालयातून निघते. घर कुठे आहे यापेक्षा पेन्शन कोणते कार्यालय काढते ते बघा. २०१६ नंतर निवृत्त झालेल्यांची वाट वेगळी आहे: आधी जुन्या कार्यालयाने वेतननिश्चिती करून प्रस्ताव महालेखापालांकडे पाठवावा लागतो, त्यामुळे चौकशीही त्या जुन्या कार्यालयातूनच सुरू करावी.